FEV1 दोन्हीत घसरतो, फरक छेदात कळतो

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे, उंची १६५ सेंमी. बावीस वर्षं खडी क्रशरवर कामाला होते, विडी दहा वर्षांपूर्वी सोडली. वर्षभरापासून जिना चढताना धाप लागते. गावच्या डॉक्टरांनी पंप दिलाय, फार फरक नाही. आता फुंकायची तपासणी केली. FVC १.९८ लिटर (६५%), FEV1 १.६६ लिटर (७०%), FEV1/FVC ८४ (१०७%). खाली लिहिलंय 'रिस्ट्रिक्टिव्ह'. FEV1 कमी म्हणजे नळ्या आवळल्यात ना? मग हे रिस्ट्रिक्टिव्ह काय? आणि पंप बंद करू का?

उत्तर:

पंपाचं शेवटी सांगतो, तोवर बंद करू नका.

तुमची गाडी 'FEV1 कमी म्हणजे नळ्या आवळल्या' इथे अडली आहे. अनेकांची तिथेच अडते, कारण FEV1 हा दमेकऱ्यांच्या रिपोर्टवर सारखा ऐकू येणारा आकडा. पण छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, एवढंच तो सांगतो. ती कमी येण्याची कारणं दोन. आत भरपूर हवा आहे, पण वाट अरुंद असल्यामुळे ती वेळेत निघत नाही. किंवा वाट मोकळी आहे, पण आत हवाच थोडी मावते. पहिला प्रकार ऑब्स्ट्रक्शन, दुसरा रिस्ट्रिक्शन. FEV1 दोन्हीत घसरतो, त्यामुळे तो एकटा पाहून काहीच ठरत नाही.

मी पेशंटना एसटीचं उदाहरण देतो. स्टँडवर पन्नास माणसांनी भरलेली गाडी लागली, पण दार अर्धंच उघडतंय. पहिल्या मिनिटात वीसच माणसं उतरली. शेजारी पंचवीस सीटची मिनीबस लागली, दार सताड उघडं. तिच्यातूनही पहिल्या मिनिटात वीसच उतरली. लांबून मोजणाऱ्याला दोन्हीकडे वीस दिसतात. पण एकीकडे पन्नासातले वीस, म्हणजे चाळीस टक्के, आणि दुसरीकडे पंचवीसातले वीस, म्हणजे ऐंशी टक्के. हा हिशेब म्हणजेच FEV1/FVC. अंशात पहिल्या सेकंदाची हवा, छेदात शेवटपर्यंत फुंकून निघालेली सगळी हवा. सगळ्या हवेला 'वेळ' जोडून मोजायची ही कल्पना १९४७ साली फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी मांडली. जुने डॉक्टर अजूनही या गुणोत्तराला तिफनो इंडेक्स म्हणतात.

तुमच्या वडिलांचे आकडे मांडू. १.६६ भागिले १.९८, म्हणजे ०.८४. जी हवा निघाली तिच्यातली चौऱ्याऐंशी टक्के पहिल्याच सेकंदात बाहेर. त्यांच्या वयाच्या निरोगी पुरुषाचं गुणोत्तर ०.७८ च्या आसपास असतं आणि साधारण ०.६८ पर्यंत उतरलं तरी ते वयाला धरून आहे असं मानतात. म्हणजे वडिलांची हवा अपेक्षेपेक्षा जरा भरभरच निघते आहे. दार उघडं आहे, गाडी लहान झाली आहे. म्हणून रिपोर्टवर 'रिस्ट्रिक्टिव्ह' आलं.

रिपोर्टवरच्या एका रकान्याने भलेभले फसतात. गुणोत्तरासमोर दोन आकडे छापलेले असतात, तुमच्याकडे ८४ आणि १०७. ८४ हे खरं गुणोत्तर. १०७ म्हणजे ते अपेक्षेच्या किती टक्के आहे, ते. ऑब्स्ट्रक्शन आहे की नाही हे पहिल्या आकड्यावरून ठरवायचं. एखाद्याचं गुणोत्तर ६४ असतं आणि शेजारी ८२% छापलेलं असतं, मग घरचे म्हणतात, 'ब्याऐंशी म्हणजे चांगलंय की.' चांगलं नसतं.

गुणोत्तर वाढतं ते का, हेही बघा, कारण तिथे फरक नीट समजतो. बारीक श्वासनळ्यांना स्वतःची कडक भिंत नसते. आजूबाजूच्या फुफ्फुसाचे लवचीक तंतू त्यांना चारही बाजूंनी ताणून उघड्या ठेवतात, तंबूच्या दोऱ्यांसारखे. विडीने किंवा वर्षानुवर्षांच्या धुराने हे तंतू झिजले की दोऱ्या सैल पडतात, जोरात फुंकताना नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. उलट फुफ्फुसात व्रण होऊन ते ताठर झालं की दोऱ्या जास्तच ताणल्या जातात. नळ्या उघड्या राहतात आणि ताठर फुफ्फुस रबरासारखं झटकन मिटतं. हवा थोडीच असते, पण सुटते लवकर.

आलेखातही हे दिसतं. प्रवाह आणि आकारमानाच्या आलेखात टोक गाठल्यावरची उतरती रेघ ऑब्स्ट्रक्शनमध्ये आत खचते, सैल बांधलेल्या झोळीसारखी. रिस्ट्रिक्शनमध्ये ती सरळ खाली येते आणि सगळी आकृतीच अरुंद, निमुळती दिसते. मी आधी आलेख बघतो, मग आकडे, आणि मशीनने तळाशी छापलेलं वाक्य सगळ्यात शेवटी.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात घोळ होतो तो छेदात. अंश मोजायला एक सेकंद पुरतो आणि जीव तोडून फुंकलं तर तो बहुधा बरोबर येतो. छेदासाठी मात्र फुफ्फुस रिकामं होईपर्यंत फुंकत राहावं लागतं. पेशंट दमतो, खोकतो, तोंड काढून घेतो. तसं झालं की छेद खोटाच लहान होतो, आणि छेद लहान झाला की गुणोत्तर खोटंच वाढतं.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीची एक चूक सांगतो. अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आल्या, उंची १४८ सेंमी, जन्मभर चुलीवर स्वयंपाक, विडी-सिगारेट कधीच नाही. रिपोर्ट होता FVC १.३५ (५९%), FEV1 १.०० (५४%), गुणोत्तर ०.७४. दोन्ही आकडे कमी, गुणोत्तर ठीक. मी रिस्ट्रिक्शन लिहून मोकळा झालो आणि त्यांना सीटी स्कॅनला पाठवलं. फुफ्फुसात व्रणाचा मागमूस नव्हता, उलट ती हवेने फुगलेली होती. मग मी आकारमान आणि वेळेचा आलेख काढून बघितला. रेघ वर चढताचढताच तुटली होती. बाईंनी सव्वादोन सेकंदांत तोंड काढलं होतं.

तपासणी पुन्हा केली. तंत्रज्ञ मुलगी शेजारी उभी राहून 'सोडा, सोडा, अजून सोडा, अजून आहे मावशी' असं ओरडत राहिली आणि बाई तेरा सेकंद फुंकत राहिल्या. या वेळी FEV1 १.०२ आला, म्हणजे जवळपास तोच. FVC मात्र १.९५, अपेक्षेच्या ८५%. गुणोत्तर ०.५२. स्वच्छ ऑब्स्ट्रक्शन, चुलीच्या धुराची सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. दोन तपासण्यांमध्ये फुफ्फुसात काहीच बदललं नव्हतं. पहिल्या खेपेला छेदातला सहाशे मिली भाग बाईंच्या छातीतच राहिला होता. त्या सीटीचे पैसे मला आजही टोचतात.

म्हणून रिपोर्टच्या दुसऱ्या पानावरचा आकारमान-वेळेचा आलेख बघा. रेघ चढून शेवटी आडवी झाली पाहिजे. २०१९ सालच्या अमेरिकन आणि युरोपीय संस्थांच्या संयुक्त निकषांनुसार, शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी भर पडली तर फुंक पुरी झाली असं धरतात. किंवा पेशंटने पंधरा सेकंद फुंकलेलं असावं. पूर्वी 'सहा सेकंद तरी फुंका' असा दंडक होता आणि बऱ्याच ठिकाणी अजून तोच चालतो. पण ताठर फुफ्फुस तीन-चार सेकंदांतही पूर्ण रिकामं होतं, म्हणून वडिलांच्या रिपोर्टवर वेळ कमी छापलेली दिसली तर लगेच शंका घेऊ नका. रेघ आडवी झाली का, ते बघा.

वडिलांच्या बाबतीत ही शंका किती धरायची, हे हिशेबाने सांगता येतं. त्यांचा FEV1 १.६६ खरा धरू. गुणोत्तर ०.६८ च्या खाली जायचं असेल तर FVC २.४४ च्या वर हवा. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर हवा फुंकायची राहून गेलेली असली पाहिजे. एवढी राहिली असेल तर रेघ ठसठशीत तुटलेली दिसेल. ती आडवी झालेली असेल, तर लपलेलं ऑब्स्ट्रक्शन जवळजवळ बाद.

दुसरी चूक सुरुवातीची असते, आणि ती जास्त लबाड. पेशंटने मुळात पूर्ण श्वासच घेतला नाही, तर अंश आणि छेद दोन्ही कमी येतात, गुणोत्तर शाबूत राहतं, आलेख आडवा होतो आणि सगळं हुबेहूब रिस्ट्रिक्शनसारखं दिसतं. ही चूक पकडायला फुंकून झाल्यावर पेशंटला लगेच जोरात पूर्ण श्वास आत घ्यायला लावतात. आत घेतलेली हवा बाहेर फुंकलेल्या हवेपेक्षा १०० मिली किंवा FVC च्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल त्याहून अधिक भरली, तर सुरुवात अर्धवट श्वासावर झाली होती. शिवाय किमान तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन FVC मध्ये १५० मिलीहून जास्त तफावत नको, FEV1 मध्येही नको. दरवेळी अर्धवट श्वास घेणारा माणूस तीनदा तितकाच अर्धा घेत नाही, म्हणून आकडे विस्कटतात. तुमच्या रिपोर्टवर तिन्ही फुंकांचे आकडे वेगळे छापले असतील, ते जुळवून बघा.

आणखी एक प्रश्न उरतो: हे ६५% कशाच्या पासष्ट टक्के? मशीन वय, उंची आणि लिंगावरून अपेक्षित आकडा काढतं, आणि त्यासाठीचं समीकरण कोणत्या लोकांवर बेतलंय यावर बरंच अवलंबून असतं. युरोपीय माणसांवरची जुनी समीकरणं तशीच लावली तर भारतीयांचा FVC दहा टक्क्यांच्या आसपास कमीच भासतो. त्यात अंश आणि छेद दोन्ही एकाच प्रमाणात घसरत असल्यामुळे गुणोत्तर फारसं हलत नाही. परिणाम काय, तर ऑब्स्ट्रक्शनचं निदान सहसा बिघडत नाही, पण धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर 'रिस्ट्रिक्टिव्ह' छापून येतं. पासष्ट टक्के त्या गोंधळात बसण्याइतके जवळ नाहीत, त्यामुळे तुमच्या वडिलांचा FVC खरंच कमी असावा असं मला वाटतं. एखाद्याचे ७८ असते तर मी आधी मशीनमध्ये कोणतं समीकरण आहे ते विचारलं असतं. उंचीही पायात चपला न ठेवता मोजली होती का, तेही विचारा. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून मोजलेलं अंतर उंचीऐवजी धरतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: गुणोत्तर घसरलेलं असेल तर ऑब्स्ट्रक्शन. गुणोत्तर ठीक किंवा चढं आणि FVC कमी, तर रिस्ट्रिक्शनची शक्यता. 'शक्यता' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

कारण फुंकून बाहेर येणारी हवा म्हणजे फुफ्फुसातली सगळी हवा नव्हे. कितीही फुंका, थोडी आत राहतेच आणि ती या फुंकायच्या यंत्राला, स्पायरोमीटरला, दिसत नाही. फुफ्फुस खरंच लहान झालंय असं म्हणायला ती धरून एकूण क्षमता मोजावी लागते. त्यासाठी काचेच्या केबिनसारखं यंत्र असतं, बॉडी प्लेथिस्मोग्राफ, ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच मिळतं. १९९९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी अठराशेहून अधिक पेशंटच्या दोन्ही तपासण्या ताडून पाहिल्या. स्पायरोमेट्रीवर रिस्ट्रिक्टिव्ह दिसलेल्यांपैकी एकूण क्षमता खरोखर कमी निघाली ती जेमतेम साठ टक्क्यांत. उलट, FVC नॉर्मल असेल तर रिस्ट्रिक्शन जवळजवळ नसतंच. म्हणजे ही तपासणी रिस्ट्रिक्शन नाकारायला उत्तम, सिद्ध करायला कच्ची.

यातूनच 'मिक्स्ड' या शेऱ्याचाही उलगडा होतो. गुणोत्तर आणि FVC दोन्ही कमी असले की मशीन 'मिक्स्ड' छापतं, आणि पेशंट दोन आजार झाले म्हणून हवालदिल होतो. बहुतेकदा आजार एकच असतो. ऑब्स्ट्रक्शन इतकं जबर असतं की हवा आत अडकून पडते आणि FVC सुद्धा कमी होतो. अशा वेळी नळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. FVC १.६० वरून २.०५ वर गेला, तर ती अडकलेली हवाच होती.

गुणोत्तराची सीमारेषा कोणती, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शनात औषध दिल्यानंतर ०.७० च्या खाली, अशी सरसकट रेघ आहे. ती लक्षात ठेवायला सोपी, पण गुणोत्तर वयाबरोबर आपोआप उतरतं. ऐंशीतल्या निरोगी आजोबांचं ०.६८ आलं तर मी घाबरत नाही, आणि चोवीस वर्षांच्या मुलीचं ०.७२ आलं तर ते ०.७० च्या वर आहे म्हणून सोडूनही देत नाही. तिच्या वयाला सरासरी ०.८५ च्या पुढे असते. म्हणून वयानुसारची खालची मर्यादा, रिपोर्टवर LLN म्हणून छापलेली, तीच मी बघतो. तुमच्या वडिलांचं ८४ कुठल्याही रेघेच्या वरच आहे.

आता वडिलांकडे. खडी क्रशरची बावीस वर्षं ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं सिलिकोसिसचं. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने फुफ्फुसात गाठी आणि व्रण होतात. पण तिथे स्पायरोमेट्रीचा एकच ठरलेला नमुना नसतो. रिस्ट्रिक्शन, ऑब्स्ट्रक्शन, दोन्ही, किंवा सुरुवातीला सगळं नॉर्मल, काहीही दिसू शकतं. त्यामुळे हा रिपोर्ट सिलिकोसिसशी जुळतो, पण तो सिद्ध करत नाही. FVC कमी होण्याची इतर कारणंही आहेत: सुटलेलं पोट, जुन्या टीबीने आक्रसलेला फुफ्फुसाचा भाग किंवा जाड झालेलं आवरण, छातीत पाणी, हृदयाची कमजोरी, श्वासाच्या स्नायूंची दुर्बलता. वडिलांना न तपासता यातलं काय ते मी सांगू शकत नाही.

आणि विडी. गुणोत्तर ८४ आलं म्हणजे विडीने काही केलं नाही, असं मानू नका. व्रण नळ्यांना ताणून उघडतात, विडीने तंतू झिजून झालेला एम्फिझिमा त्यांना मिटवतो. दोन्ही एकाच छातीत असले तर एकमेकांना झाकतात आणि गुणोत्तर साळसूद दिसतं. अशा पेशंटची धाप मात्र आकड्यांच्या मानाने फार जास्त असते. ते उघडं पाडणारी तपासणी म्हणजे डीएलसीओ, हवेतून रक्तात वायू किती सहज जातो त्याचं मोजमाप.

म्हणून छातीविकारतज्ज्ञांकडे जा आणि रिपोर्टची सगळी पानं न्या, आलेखांसकट. नुसतं पहिलं पान नेलंत तर त्यांनाही तेच वाक्य वाचावं लागेल जे तुम्ही वाचलंत. आधी छातीचा एक्स-रे होईल, गरज वाटली तर बारीक कापांचा सीटी. सिलिकाच्या धुळीत काम केलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो, म्हणून खोकला, ताप किंवा वजनात घट असेल तर थुंकीची तपासणी टाळू नका. क्रशरवरचं काम किती वर्षं, कोरड्या धुळीत की पाणी मारून, तोंडाला काही बांधत होते का, हे त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवा. घाईत असलेला डॉक्टर हे विचारायचं विसरतो.

पंप नळ्या मोकळ्या करतो, लहान झालेली गाडी मोठी करत नाही. त्यामुळे 'फार फरक नाही' हे तुमचं वाक्य रिपोर्टशी जुळतं. पण दमा असा आजार आहे की बरं असताना फुंकलं तर गुणोत्तर नॉर्मल येतं, आणि वडिलांनी तपासणीच्या दिवशी सकाळी पंप घेतला होता की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतला असेल तर ८४ हा आकडा औषधानंतरचा आहे. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तितके तास पंप थांबवून तपासणी पुन्हा करा, औषधाआधी आणि नंतर. दोन्ही वेळी गुणोत्तर असंच चढं राहिलं आणि FVC जागचा हलला नाही, तर पंप बंद करायचा निर्णय तेच घेतील.